दफ्तरखान्यासाठी वाफेचा ह्युमिडिफायर: इलेक्ट्रोड, हीटर की बॉयलरची वाफ?

पुण्यात कागदपत्रं सांभाळणाऱ्यांना पावसाळ्याची धास्ती असते, आणि ती रास्तच आहे. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत इथली दुपारची हवा इतकी कोरडी होते की जुना कागद ठिसूळ पडतो, बांधणीचा सरस तडकतो आणि चामड्याचे पुठ्ठे कडेने वळतात. मग ह्युमिडिफायर घ्यायचं ठरतं, तीन ठिकाणांहून दर मागवले जातात आणि टेबलावर तीन अगदी वेगळे कागद येऊन पडतात. एकजण ताशी ८ किलो वाफ देणारं इलेक्ट्रोड यंत्र देतो. दुसरा ताशी ४ किलोचं हीटरचं यंत्र देतो आणि किंमत मात्र जास्त सांगतो. तिसरा म्हणतो, आवारात बॉयलर आहेच, त्याचीच वाफ डक्टमध्ये सोडू, यंत्राचा खर्चच वाचेल.

तिघांनी दालन एकच पाहिलं असेल, तर ८ आणि ४ हा फरक आला कुठून? यंत्रांची तुलना करण्याआधी हे शोधायला हवं. माझ्या मते अशा खरेदीत चुकतो तो आकडा, यंत्राचा प्रकार त्यानंतर येतो. आणि आकडा चुकतो तो बहुतेक वेळा मोठा होऊन.

नमुना म्हणून एक दालन घेऊ. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे ७०० घनमीटर. आत रुमालात बांधलेली दफ्तरं, पोथ्या आणि खोक्यांतली कागदपत्रं मिळून साधारण २० टन. हवं आहे २२ अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता. एअर हँडलर तासाला ४,२०० घनमीटर हवा फिरवतो आणि त्यात २५० घनमीटर बाहेरची ताजी हवा मिसळतो, त्यामुळे दालनात किंचित जास्त दाब राहतो.

पहिला प्रश्न बाहेरच्या हवेचा. इथे सापेक्ष आर्द्रतेचे टक्के फसवतात. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि ८० टक्के असेल तर हवा दमट वाटते. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १५ टक्के असेल तर घसा कोरडा पडतो. पण पुण्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, दोन्ही वेळी एक किलो कोरड्या हवेसोबत पाणी जवळजवळ सारखंच असतं, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. दालनात २२ अंश आणि ५० टक्के ठेवायचे तर ८.८ ग्रॅम लागतात. म्हणजे दोन्ही वेळी तूट सारखीच, किलोमागे सव्वादोन ग्रॅम. खरी परीक्षा मार्चच्या एखाद्या दुपारी होते. ३६ अंश, १० टक्के आणि पाणी फक्त ३.९ ग्रॅम. तूट ४.९ ग्रॅम. आपण हाच प्रसंग धरू.

इथल्या हवेचं वजन घनमीटरला साधारण १.१ किलो. ताजी हवा २५० घनमीटर म्हणजे तासाला २७५ किलो. तिला गुणिले ४.९ ग्रॅम केलं की १.३५ किलो पाणी. दालनात दाब असल्यामुळे फटींतून हवा आत यायला फारसा वाव नाही. तरी दार उघडतं, माणसं ये-जा करतात, म्हणून तासाला दालनाच्या एक दशांश हवा शिरते असं धरू. ती ७० घनमीटर, म्हणजे ७७ किलो, आणि पाणी ०.३८ किलो. बेरीज १.७३ किलो. आत काम करणारी दोन माणसं तासाला शंभरेक ग्रॅम बाष्प सोडतील, ते सोडून देऊ.

म्हणजे वर्षातल्या सर्वात कोरड्या तासाला पावणेदोन किलो. मग ताशी ८ किलोचं यंत्र सुचवणाऱ्याने काय केलं? बहुधा त्याने फिरणाऱ्या हवेच्या १० टक्के ताजी हवा धरली, वर दाराखिडक्यांतून तासाला दालनभर हवा शिरते असं मानलं. हे ४२० अधिक ७०० घनमीटर. समुद्रसपाटीचा तक्ता वापरला. सहाच्या थोडं वर उत्तर आलं. त्यावर २५ टक्के 'सेफ्टी' चढवली आणि कॅटलॉगमधलं पुढचं माप घेतलं. ज्या दालनात हवेचा दाब राखायचा आहे, तिथे तासाला दालनभर हवा शिरते हे गृहीतच मुळात टिकत नाही. (समुद्रसपाटीचा तक्ता वापरण्याची चूक मात्र इथे फारशी भोवत नाही. तिथे हवा जड आणि किलोमागचे ग्रॅम कमी, इथे हवा हलकी आणि ग्रॅम जास्त, त्यामुळे गुणाकार जवळपास सारखाच येतो. गोंधळ होतो तो ग्रॅम एका तक्त्यातून आणि हवेचं वजन दुसऱ्या तक्त्यातून घेतल्यावर.)

आता ज्याने ४ किलो सांगितले, त्याच्याकडे वळू. तोही पावणेदोनच्या दुप्पट आहे, पण त्याच्याकडे कारण आहे, आणि या सगळ्या हिशेबातली सर्वात कमी बोलली जाणारी गोष्ट तीच आहे: एसीची कॉइल.

२२ अंश आणि ५० टक्के हवेचा दवबिंदू साधारण ११ अंश. मार्चमध्ये एसी चालूच असतो. त्याच्या कॉइलचा पृष्ठभाग ११ अंशांच्या खाली गेला की हवेतलं बाष्प तिच्यावर थेंबांच्या रूपात साचतं आणि नळीने बाहेर जातं. म्हणजे एका टोकाला विजेवर पाणी उकळून हवेत घालायचं आणि दुसऱ्या टोकाला विजेवरच ते काढून टाकायचं. हा भार किती, ते कॉइलच्या माहितीपत्रकातून काढता येतं. त्यात कोरड्या थंडाव्याचा वाटा दिलेला असतो, त्याला सेन्सिबल हीट रेशो म्हणतात. दालनातली कोरडी उष्णता ८ किलोवॅट आणि हा वाटा ०.८५ असेल, तर कॉइल एकूण ९.४१ किलोवॅट काम करते. त्यातले १.४१ किलोवॅट पाणी काढण्यात जातात. एक किलो बाष्पामागे साधारण २,५०० किलोजूल धरले, तर तासाला २.०३ किलो पाणी. ताजी हवा आणि दार मिळून जेवढं मागतात, त्याहून हे जास्त आहे. १.७३ अधिक २.०३ म्हणजे ३.७६, म्हणून ताशी ४ किलोचं यंत्र. त्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्याने आजाराला औषध न देता खुराक वाढवला आहे.

तुमच्याकडे असं होतंय का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत एअर हँडलरच्या ड्रेनची नळी एका बादलीत सोडा. ह्युमिडिफायर चालू असताना बादली भरत असेल, तर तुम्ही दोनदा वीज भरत आहात. वरच्या दराने सलग चाललं तर दिवसाला ४८ लिटर पाणी जमेल आणि ते वाफ करण्यातच दिवसाला ३६ युनिट जातील. थंड करण्याची वीज वेगळी.

उपाय कॉइल उबदार ठेवण्याचा. एसी चिल्ड वॉटरवर, म्हणजे थंड केलेल्या पाण्यावर, चालत असेल तर कोरड्या महिन्यांत पाण्याचं तापमान ७ अंशांवरून १२-१३ अंशांवर न्यायचं. मग कॉइलचा पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतो. त्या पाण्याने ८ किलोवॅट उष्णता उचलली जाईल एवढी मोठी कॉइल हवी, हे मात्र आधी तपासायला लागतं. थेट गॅसवर चालणारा डीएक्स एसी असेल तर एसीच्या टनामागे मिनिटाला ४०० घनफुटांऐवजी ५०० किंवा त्याहून जास्त हवा फिरवायची आणि कॉम्प्रेसर सतत चालू-बंद न होता कमी वेगाने चालेल असा घ्यायचा. जूनमध्ये हे सगळं उलटं फिरवावं लागतं. २६ अंश आणि ९० टक्के हवेत किलोमागे २० ग्रॅमच्या वर पाणी असतं, तेव्हा थंड कॉइलच हवी, किंवा वेगळा डिह्युमिडिफायर. म्हणून कोरड्या आणि ओल्या ऋतूंच्या सेटिंग वेगळ्या ठेवायच्या आणि बदलाच्या तारखा फलकावर लिहून ठेवायच्या. ही एक गोष्ट जमली, की आपला भार पुन्हा पावणेदोन किलोवर येतो.

या पावणेदोन किलोवर सेफ्टी चढवायची का? मी चढवत नाही, आणि कारण दालनातच रचलेलं आहे. सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांनी बदलली की कागदातलं पाणी त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्क्याने बदलतं. २० टन कागदाचं ते २०० किलो झालं. तेवढ्याच बदलासाठी दालनातल्या हवेला लागतात दीड किलोच्याही आत. म्हणजे या दालनात पाण्याचा साठा आहे तो कागदात, हवेत नगण्य. समजा एखाद्या दुपारी चार तास यंत्र अर्ध्या किलोने कमी पडलं. दोन किलोची तूट. खोक्यांच्या आतला कागद इतक्या लवकर हलत नाही, म्हणून फक्त विसावा भाग, एक टनच कागद, प्रतिसाद देतो असं धरलं, तरी तो दोन टक्क्यांच्या घसरणीत ही तूट भरून काढतो.

याच साठ्याची दुसरी बाजू विसरून चालत नाही. पूर्ण उन्हाळा कोरडं राहिलेलं दालन एकदम ४० वरून ५० टक्क्यांवर न्यायला गेलात, तर तो कागद २०० किलो पाणी पिईल आणि यंत्र दिवसेंदिवस पूर्ण क्षमतेने चालूनही आकडा वर येणार नाही. मग कोणीतरी म्हणतं, यंत्र लहान पडलं. तसं नसतं. सेटिंग आठवड्याला एक-दोन टक्क्यांनी वाढवत न्यायची. कागदालाही ते मानवतं, कारण वरची पानं ओली आणि आतली कोरडी असं झालं तर कडा लाटांसारख्या वळतात. उलट प्रकारही घडतो. यंत्र बंद पडलं तरी कागद पाणी सोडत राहतो आणि काही दिवस मीटर ठीक दिसतो. म्हणून फक्त दालनातल्या आर्द्रतेवर विसंबू नये, यंत्राने दिवसाला किती पाणी घेतलं याचीही नोंद हवी. आतल्या पाइपवर पाण्याचा साधा मीटर बसवला की भागतं.

आता मोठं यंत्र घेतलं तर बिघडतं काय, तेही पाहू. मार्चमधल्या सर्वात वाईट तासाला आपल्याला १.७३ किलो लागतात. पण डिसेंबरच्या दुपारी, बाहेर २९ अंश आणि ३० टक्के असताना, तूट किलोमागे फक्त ०.८ ग्रॅम असते आणि भार तासाला ०.२८ किलो. म्हणजे यंत्राला एक षष्ठांश वेगाने शांतपणे चालता आलं पाहिजे, आणि मोसमातला बराच काळ ते असंच चालणार आहे. ताशी ८ किलोचं इलेक्ट्रोड यंत्र साधारण २० टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणजे त्याचा सर्वात कमी वेग १.६ किलो. ०.२८ ची गरज ते चालू-बंद होऊनच भागवू शकतं. चालू असताना तासाला १.३ किलो जास्तीचं पाणी हवेत जातं. कागद बाजूला ठेवला तर साधारण २५ मिनिटांत आर्द्रता चार टक्के चढते. मग यंत्र बंद होतं, टाकीतलं पाणी निवतं, आर्द्रता खाली येते, यंत्र पुन्हा सुरू होतं आणि पाणी उकळेपर्यंत काही मिनिटं काहीच घडत नाही. आलेखावर करवतीचे दात उमटतात. ± ५ टक्क्यांचा पट्टा मागणारं दालन अशा यंत्राने जेमतेम चालेल, ± २ किंवा ३ मागणारं चालणार नाही.

आता यंत्रांकडे. तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले तर असं दिसतं:

| | इलेक्ट्रोड | हीटर, सॉलिड स्टेट रिलेसह | बॉयलरची थेट वाफ |
|---|---|---|---|
| पाणी | नळाचं, क्षार असलेलं. आरओ चालत नाही | आरओ किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, उत्तम | बॉयलरचं, रसायनं मिसळलेलं |
| सर्वात कमी वेग | क्षमतेच्या सुमारे २० टक्के | जवळजवळ शून्यापासून | व्हॉल्व्हवर अवलंबून. लहान भाराला अवघड |
| देखभाल | सिलिंडर बदलणं | टाकी साफ करणं, आरओच्या मेम्ब्रेन | ट्रॅप, स्ट्रेनर, व्हॉल्व्ह |
| सुरुवातीचा खर्च | कमी | जास्त, आरओ वेगळा | आवारात बॉयलर असेल तर कमी |

बॉयलरची वाफ आधी बाजूला काढू, म्हणजे तुलना सोपी होईल. वाफ परतताना पाइप गंजू नयेत म्हणून बॉयलरच्या पाण्यात अमाइन गटातली रसायनं घालतात आणि ती वाफेसोबतच प्रवास करतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संग्रहालयांत अशा वाफेतून आलेल्या डायइथिलअमिनोइथेनॉलचा थर वस्तूंवर साचल्याचं उघड झालं आणि तेव्हापासून संग्रहांच्या दालनात बॉयलरची वाफ थेट सोडू नये, यावर जाणकारांचं एकमत आहे. बॉयलर वापरायचाच असेल तर वाफेने वाफ बनवणारा एक्स्चेंजर घ्यायचा. त्यात बॉयलरची वाफ नळीतच राहते आणि शुद्ध पाण्याची वेगळी वाफ हवेत जाते. तासाला दोन किलोसाठी तो खटाटोप कोणी करू नये. पन्नास-शंभर किलोंचा भार असेल तर वेगळं बोलू.

इलेक्ट्रोड यंत्रात पाणीच विजेचा वाहक असतं. धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या पाण्यातून प्रवाह वाहतो आणि पाणी उकळतं. वाफ कमी-जास्त करायची तर पाण्याची पातळी खाली-वर करावी लागते. म्हणून प्रतिसाद संथ असतो. पण खरी अडचण पाण्याची आहे. उत्पादक साधारण १२५ ते १,२५० मायक्रोसीमेन्स इतकी वाहकता मागतात. पुण्यात धरणाचं पाणी मऊ आहे, क्षार कमी. नव्या सिलिंडरमध्ये ते भरलं की वाहकता पुरेशी व्हायला वेळ लागतो, तोवर यंत्र पूर्ण वाफ देत नाही. मग मार्च उजाडतो, पालिकेचं पाणी कमी होतं आणि इमारतीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येऊन पडतं, कठीण आणि क्षारांनी भरलेलं. ज्या महिन्यात यंत्रावर सर्वाधिक भार, नेमकं त्याच महिन्यात त्याचं पाणी बदलतं. प्रवाह वाढतो, यंत्र वारंवार पाणी सोडून देतं, इलेक्ट्रोडवर चुना चढतो आणि फेस आला तर पातळीचा सेन्सर गोंधळतो. फेसामुळे पाण्याचे थेंब वाफेसोबत डक्टमध्ये जाण्याचाही धोका असतो. अशा वेळी सॉफ्टनर लावावासा वाटतो, पण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो, वाहकता तशीच राहते आणि फेस उलट वाढतो. म्हणून इलेक्ट्रोड घ्यायचाच असेल, तर एप्रिलमध्ये टाकीतल्या पाण्याची वाहकता मोजून मग ठरवा. जुलैतल्या नमुन्यावरून ठरवू नका. सर्व्हर रूमसाठी बनवलेल्या प्रिसिजन एसीत जो ह्युमिडिफायर आधीच बसवून येतो, तोही बहुधा याच जातीचा असतो, तेव्हा 'एसीसोबत फुकट आहे' या वाक्यावर भाळू नये.

हीटरच्या यंत्रात पाणी आणि वीज वेगळी राहतात. बंद नळीतला हीटर तापतो, पाणी उकळतं, वीज पाण्यातून वाहत नाही. म्हणून आरओ किंवा डीएम पाणी चालतं, आणि तसं पाणी दिलं की चुना जवळजवळ साचतच नाही. एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, हीटरला सेकंदाच्या तुकड्यांत वीज देतो, त्यामुळे वाफ शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत सलग बदलता येते. साध्या कॉन्टॅक्टरवर चालणारं हीटरचं यंत्र मात्र चालू-बंदच होतं. तेव्हा दरपत्रकात 'हीटर' लिहिलं असलं तरी आत एसएसआर आहे की कॉन्टॅक्टर, ते विचारायला हवं. आणखी एक खाचखळगा: काही यंत्रांत पाण्याची पातळी वाहकतेवरच मोजतात. डीएम पाणी भरलं की त्या सेन्सरला पाणी दिसतच नाही आणि यंत्र भरतच राहतं किंवा चालूच होत नाही. फ्लोट किंवा तत्सम सेन्सर असलेलं यंत्र मागा.

आमच्या दालनासाठी मी ताशी २ किलोची हीटरची दोन यंत्रं घेईन, एसएसआरवर, एका लहान आरओसह. एकटं यंत्र १.७३ चा भार पेलतं, दुसरं राखीव राहतं आणि कोरड्या दालनाला हळूहळू वर आणताना दोन्ही चालवता येतात. प्रत्येकाला वीज लागते साधारण दीड किलोवॅट, कारण किलोभर वाफेला पाऊण युनिट पुरतं. ताशी ८ किलोचं यंत्र ६ किलोवॅट मागतं, त्याची केबल आणि पॅनेलवरची जागा वेगळी. कॉइल उबदार ठेवणं जमणारच नसेल, तर दोन्ही यंत्रं मिळून ३.७६ चा भारही ओढतील, मात्र मग राखीव काही उरत नाही.

इथे कोणीही विचारेल, आणि विचारावंच, की पुण्यात कोरडी हवा गरमीच्या दिवसांत असते, मग पाणी उकळायचं कशाला? अल्ट्रासॉनिक किंवा ओल्या पॅडचा ह्युमिडिफायर हवेचीच उष्णता घेऊन पाणी उडवेल आणि वर एक किलोवॅटहून थोडा जास्त थंडावा फुकट देईल. हा मुद्दा थंड देशांतल्या पुस्तकांत सापडत नाही, पण आपल्याकडे खरा आहे. तरी मी दफ्तरखान्यात वाफच निवडतो. मोसमभर सरासरी तासाला एक किलो धरला तर १२० दिवसांत साधारण २,१६० युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तर २१,६०० रुपये. एवढ्यासाठी ओलं पॅड, त्यावर वाढू शकणारी बुरशी आणि अल्ट्रासॉनिकच्या धुक्यातून कागदावर बसणारी क्षारांची पांढरी पूड हा धोका मी पत्करणार नाही. डीएम पाण्यावर अल्ट्रासॉनिक पूड टाकत नाही हे खरं, पण मग त्याची सगळी सुरक्षितता त्या डीएम प्लँटची रेझिन कोण वेळेवर बदलतं यावर टिकते. हीटरच्या यंत्रात आरओ बिघडला तर टाकीत चुना साचतो, कागदावर काही पडत नाही. वाचनकक्ष किंवा मोठी कार्यालयं असतील, तर माझं मत पॅडच्या बाजूला झुकेल.

± २ टक्के मागण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. २२ अंशांवर ५० टक्के असलेली तीच हवा २१ अंशांवर ५३ टक्के दाखवते आणि २३ अंशांवर ४७. पाण्याचा एक थेंबही न घालता. तापमान ± १ अंश हलत असेल, तर आर्द्रता ± २ मध्ये ठेवणारं यंत्र जगात नाही. साधारण सेन्सरची अचूकता स्वतःच ± २ टक्के असते. म्हणून पट्टा घट्ट करायचा तर आधी तापमान स्थिर करायचं, मग सेन्सर तपासायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त, ओलसर द्रावण ठेवलं की वरच्या हवेत २५ अंशांवर ५३ टक्के आर्द्रता ठरते, आणि आपल्या कामाच्या पट्ट्याला हे मीठ अगदी जवळचं आहे. सेन्सर त्यात रात्रभर ठेवून आकडा पाहायचा. आणि ह्युमिडिफायर व डिह्युमिडिफायर यांच्यात मोकळी जागा ठेवायची: ४७ च्या खाली वाफ, ५३ च्या वर कोरडं करणं, मधे दोघंही गप्प. ही जागा नसेल तर दोन्ही यंत्रं आळीपाळीने एकमेकांचं काम उलटवत बसतात. ASHRAE या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या हँडबुकमधला सर्वात कडक वर्गही आर्द्रतेला ± ५ टक्के देतो, हे निविदा लिहिणाऱ्याला सांगण्यासारखं आहे.

बसवणुकीतल्या चुका तशा ठराविक आहेत. वाफेची नळी यंत्राकडून डक्टकडे सतत चढती हवी. मधे झोळ पडला की त्यात पाणी साचतं, नळी गुरगुरते आणि डक्टमध्ये पिचकारी उडते. नळी लांब असेल आणि तिला इन्सुलेशन नसेल, तर लहान भाराच्या दिवसांत बरीचशी वाफ नळीतच पाणी होते आणि यंत्र चालू असूनही दालनापर्यंत काही पोचत नाही. वाफ सोडण्याच्या जागेपुढे मीटर-दीड मीटर सरळ डक्ट हवी, तिथे फिल्टर किंवा वळण नको. पंखा बंद असताना वाफ सुटू नये यासाठी हवेचा स्विच आणि डक्टमध्ये ८५ टक्क्यांना यंत्र तोडणारा वेगळा ह्युमिडिस्टॅट हवा. दोन्ही तारेने जोडलेले हवेत, सॉफ्टवेअरवर सोडलेले नकोत.

उरली ती स्वीकृतीची चाचणी. आपल्याकडे अशी कामं आर्थिक वर्ष संपताना घाईने सुरू होतात आणि सुपूर्त होतात पावसाळ्यात. जुलैमध्ये ह्युमिडिफायरला काही कामच नसतं, त्यामुळे कोणतंही यंत्र पास होतं. करारात लिहून घ्या की चाचणी पुढच्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये होईल. सात दिवस दर पाच मिनिटांची नोंद, त्यात किमान दोन दुपारी बाहेरची हवा किलोमागे पाच ग्रॅमच्या खाली, आणि कॉइलच्या ड्रेनखाली ठेवलेली बादली कोरडी. शेवटचा हप्ता त्यानंतर द्यायचा.